'पतीत सर' आणि शेवटचा ई

आमचा नील पुण्यात झाला तेव्हा बातमी कळवणं हा काही वेगळा उद्योग नव्हता. आईने रात्रीतच दहा-बारा फोन केले, बाबांनी सकाळी पेढे आणले, आणि नाव बाराव्या दिवशी बारशाला सगळ्यांना एकदमच कळलं. अँत्वानच्या माहेरी (फ्रेंच नवऱ्याच्या घराला मी माहेर म्हणते, कारण सणासुदीला तोच तिकडे पळतो) आम्ही नुसता फोन केला होता. त्यामुळे दुसऱ्या खेपेला, ल्यों शहरात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, 'फ्रेंचमध्ये बाळ झाल्याचा मेसेज लिहायचा' हे काम अंगावर आलं तेव्हा मला वाटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम.

पहिला मसुदा मी जानेवारीतच फोनमध्ये लिहून ठेवला. वार, वेळ, वजन यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. मुलगी आहे हे सोनोग्राफीतच कळलं होतं. फ्रान्समध्ये ते सांगतात, पहिल्यांदा ऐकताना मी दचकलेच होते. मसुदा फ्रेंचमध्ये होता, पण डोकं मराठी. मराठीत परत आणला तर असा काहीसा: 'ईश्वरकृपेने आणि आपणा सर्वांच्या आशीर्वादाने आमच्या घरी कन्यारत्नाचे आगमन झाले आहे, हे कळवताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.' शेवटच्या तुकड्यात मी 'आम्ही खूप एक्सायटेड आहोत' याचं सरळ फ्रेंच रूप ठोकलं होतं, 'नू सॉम त्रे एक्सिते'.

सासूबाई तेव्हा नाँतहून येऊन राहिल्या होत्या, नीलसाठी. त्यांचं नाव मार्तीन. मी त्यांना नावाने आणि 'त्यू' म्हणजे 'तू' म्हणून हाक मारते, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच तसं सांगितलं. पण मराठीत लिहायला बसले की हात आपोआप 'त्या'वर जातो, तर इथे त्या 'त्या'च राहतील. त्यांनी चष्मा लावला, मसुदा वाचला आणि 'एक्सिते'पाशी थांबून खुदकन हसल्या. मग जपून म्हणाल्या, "हा शब्द तू अँत्वानला एकट्याला पाठव." फ्रेंचमध्ये त्याचा पहिला अर्थ बिछान्याकडे जातो. लहान मूल दंगा करत असेल तर त्यालाही तोच शब्द चालतो, पण आईबापांनी आत्या-मावश्यांना तो लिहायचा नसतो. 'त्रे अरो', म्हणजे खूप आनंदी, इतकं पुरतं.

मग देवाची पाळी. मार्तीन चर्चमध्ये लग्न झालेल्या, नाताळला मिसाला जाणाऱ्या. त्याही म्हणाल्या, देव काढ. देवावर त्यांचा राग नव्हता. पण ते वाक्य वाचून लोकांना वाटेल की बाळंतपणात काहीतरी भयंकर घडता घडता राहिलं. आणि आशीर्वाद? "त्यांनी दिलेच नाहीत अजून. बातमी कळल्यावर देतील." हे ऐकून मला आधी जरा लागलं. आपल्याकडे आशीर्वाद आगाऊ जमा असतात, तिकडे पोच आल्यावर मिळतात.

मला वाटलं होतं, हे सगळं छाटल्यावर जे उरेल ते कोरडं होईल. नील झाला तेव्हाचा आमचा मराठी मेसेज विशेषणांनी भरलेला होता, आणि ऊब विशेषणातच असते असं मी धरून चालले होते. मार्तीनबाईंनी त्यावर काही व्याख्यान दिलं नाही. आपल्या पर्समधून एक पाकीट काढलं आणि त्यातलं अँत्वानच्या जन्माचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. एक मोठं कार्ड, आईवडिलांच्या नावाचं, आणि त्याला पांढऱ्या रिबिनीने बांधलेलं नखाएवढ्या अक्षरांचं एक छोटं कार्ड, त्यावर फक्त 'अँत्वान' आणि तारीख. मोठ्या कार्डावर एकच वाक्य होतं. अमुक श्रीयुत आणि सौभाग्यवती, त्यांची मुलगी सोफी हिच्याकडे, आपल्या धाकट्या भावाच्या जन्माची बातमी देण्याचा आनंद सोपवत आहेत. सोफी तेव्हा तीन वर्षांची. म्हणजे आईबापांनी स्वतः काही सांगितलंच नाही, बाजूला सरकून मोठ्या मुलीला पुढे केलं. एकही विशेषण नाही आणि मला तरी गलबलून आलं. आठव्या-नवव्या महिन्यात कशानेही गलबलतं, हेही खरं.

ही रीत जुन्या घरांतून चालत आलेली आहे. मोठं भावंड असेल तर बातमी त्याच्या तोंडून जाते. हल्ली 'आनंद सोपवत आहेत' असं औपचारिक कमी लिहितात, सरळ मुलाचं नाव घालून 'अमक्याला कळवायला आनंद होतो की त्याला धाकटी बहीण झाली' असं येतं. आमच्याकडे चार वर्षांचा नील होताच. वाक्याचा कर्ता ठरला.

कर्ता ठरला की बाकीचं जवळजवळ ठरलेलंच असतं, हे मला हळूहळू कळलं. नाव, वार-तारीख, वेळ, वजन, लांबी, मग आई आणि बाळ सुखरूप आहेत हे एक वाक्य, शेवटी निरोप. हा क्रम वाचणाऱ्याच्या डोक्यातही असतो. त्यातलं काही गाळलं तर माणसं त्या गाळलेल्या जागेकडेच बघत बसतात. मार्तीनबाईंच्या एका मैत्रिणीने नातवाच्या बातमीत 'आई आणि बाळ उत्तम' हे लिहायचं विसरल्यावर तासाभरात तिला सात फोन आले होते, सगळे दबक्या आवाजातले.

इथवर ठीक होतं. भांडण दोन जागी झालं, आणि दोन्ही माझ्या आईशी, पुण्याला, फोनवर.

पहिलं नावावरून. आईचं म्हणणं, बारसं होईपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. फ्रेंच लोकही नाव गुपित ठेवतात, पण ते जन्मापर्यंत. नऊ महिने कुणी विचारलं तर गालात हसायचं, आणि जन्मल्यावर बातमीतला पहिलाच शब्द तो असतो. नावाशिवाय 'मुलगी झाली' असा मेसेज गेला तर त्यांना वाटतं, आईबापांचं एकमत झालं नाही. आणि कायद्याचंही आहे. बाळ जिथे जन्मलं तिथल्या नगरपालिकेत, 'मेरी'त, जन्माची नोंद करायला पाच दिवस मिळतात, त्यात जन्माचा दिवस धरत नाहीत. नोंदीत नाव लागतंच. मुदत टळली तर प्रकरण न्यायालयात जातं. मी आईला कॅलेंडर समोर घेऊन सांगितलं: सोमवारी बारा तारखेला झाली तर पाचवा दिवस शनिवार, कचेरी बंद म्हणून फार तर सोमवार एकोणीस. बारावा दिवस तेवीस तारखेला, शुक्रवारी. फ्रेंच सरकार बारशासाठी थांबणार नाही. आई म्हणाली, "मग कागदावर लिहा की. कागदाला कुठे कान असतात?" तोडगा तिनेच काढला होता, फक्त मेसेज हा कागद आहे की कान, यावर आमचं एकमत झालं नाही.

दुसरं वजनावरून. फ्रेंच बातमीत वजन आणि लांबी आलीच पाहिजे, किलो-ग्रॅम आणि सेंटिमीटरमध्ये. वाचणारे त्यावर 'केल बो बेबे!', काय छान बाळ, असं म्हणतात. आईच्या अंगावर काटाच आला. "अगं, तान्ह्या मुलीचं वजन कुणी जगाला सांगतं का? दृष्ट लागेल." जन्मवेळ मात्र तिला हवी होती, मिनिटासकट, पत्रिकेसाठी. योगायोगाने फ्रेंच लोकही वेळ मिनिटासकट देतात, जन्माच्या दाखल्यावरही तास-मिनिटं असतात. त्यामुळे वेळेवर दोन्ही घरं खूश. वजनावर मी मार्तीनबाईंच्या बाजूने गेले, आणि आईला सांगितलं की तू मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. तिने पुण्यात बसून, फोटोवरून, खरंच टाकल्या.

नाव मीरा. ते दोन्हीकडे चालेल म्हणून निवडलं. आधी 'इरा' माझ्या मनात होतं, पण अँत्वान म्हणाला, फ्रेंचमध्ये 'इरा' म्हणजे 'जाईल'. हाक मारली की उत्तर येणार, कुठे? मीराचं स्पेलिंगही इंग्रजी पद्धतीने दोन ई घालून केलं असतं तर इथल्या बाईंनी शाळेत 'मेएरा' म्हटलं असतं, म्हणून एकच आय.

मीरा सोमवारी, १२ फेब्रुवारीला, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी झाली. फ्रेंच पद्धतीने २२ वाजून ४०. प्रसूतिगृहातल्या दाईने, तिला 'साझ-फाम', शहाणी बाई, म्हणतात, वजन सांगितलं ३ किलो १२० ग्रॅम, लांबी ४९ सेंटिमीटर. अँत्वानने ते हातावर पेनने लिहिलं, कारण फोन पिशवीत तळाशी होता.

त्याने आधी आईला म्हणजे मार्तीनबाईंना फोन केला, मग पुण्याला. पुण्यात तेव्हा पहाटेचे तीन-दहा होऊन गेलेले, तारीख १३, आणि त्या दिवशी गणेश जयंती. आई जागीच होती. फोन ठेवल्या ठेवल्या तिने मावशीला सांगितलं, आणि मावशीने आमच्या लग्नाच्या वेळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात अँत्वानकडचे चौदा जण अजून आहेत, इंग्रजीत टाकलं की आज गणेश जयंतीच्या दिवशी पहाटे आमच्याकडे मुलगी आली. नाव नाही, वजन नाही, तारीख तेरा.

सकाळी मी डोळे उघडले तेव्हा तो गोंधळ पूर्ण झालेला होता. अँत्वानच्या चुलतभावाने लिहिलं होतं, अभिनंदन, पण आज तर अजून उजाडलंही नाही, कधी झाली? खरं तर आईचं चुकलं नव्हतं. चतुर्थी लागलेली होती, तिथीला ल्यों काय आणि पुणं काय, एकच क्षण. वार मात्र सूर्योदयापासून बदलतो, त्यामुळे पंचांगाप्रमाणेही ती सोमवारचीच. हे मी चौदा फ्रेंच माणसांना समजावायच्या फंदात पडले नाही. पण खरं नुकसान दुसरंच झालं होतं.

फ्रेंच घरात बातमीला उतरंड असते. आजी-आजोबा, भावंडं आणि घरातली सगळ्यांत वयस्कर माणसं यांना फोन. तो झाल्यावर बाकीच्यांना मेसेज. आणि दूरच्यांना, औपचारिक ओळखीच्यांना, दीड-दोन महिन्यांत छापील कार्ड. एखाद्याला खालच्या पायरीवरून बातमी मिळाली की त्याला आपण घरात कुठे आहोत ते कळतं, आणि ते त्याला आवडत नाही. अँत्वानची एक चुलतआजी आहे, ताँत ओदेत. वय अठ्ठ्याऐंशी, प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, नाँतजवळच्या गावात एकटी राहते, साधा फोन वापरते. मार्तीनबाई तिला सकाळी नऊला फोन करणार होत्या, कारण रात्री अकराला म्हाताऱ्या माणसाला उठवायचं नसतं. साडेआठला चुलतभावाने तिला दुधाची बाटली नेऊन देताना सहज सांगून टाकलं. नऊला फोन गेला तेव्हा ताँत ओदेत म्हणाली, "हो, कळलंय मला, भारतातून." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "नाव मात्र अजून कळलं नाही."

मावशीला यातलं मी काही सांगितलं नाही. ती पेढे-बर्फीच्या विचारात मग्न होती. मुलगी म्हणून बर्फी, पण गणेश जयंती म्हणून मोदकही.

आमचा खरा मेसेज त्या दिवशी दहा वाजता गेला. आईला तो जसाच्या तसा मोठ्याने वाचायचा होता, शेजारच्या काकूंना ऐकवायला, म्हणून मी तिला देवनागरीत लिहून पाठवला. तोच इथे देते:

'बाँझूर आ तूस! नील ए त्रे फ्येर द वूझानाँसे ला नेसाँस द सा पतीत सर मीरा, की आ प्वाँते ल बू द साँ ने लँदी १२ फेव्रिये आ २२ अर ४०. ३ किलो १२०, ४९ साँतिमेत्र, ए देझा बोकू द शव्ह! मामाँ ए बेबे स पोर्त ब्याँ, पापा ए स्यूर अँ पती न्युआझ. नू वूझाँब्रासाँ.' खाली आमची तिघांची नावं, नील पहिला.

दोन मिनिटांत आईचा फोन. "हे पतीत सर कोण?"

'पतीत सर' म्हणजे धाकटी बहीण. 'पतीत' म्हणजे लहान, स्त्रीलिंगी. 'सर' म्हणजे बहीण. पण आईच्या डोळ्यांसमोर कोणीतरी वाया गेलेले मास्तर उभे राहिले होते, आणि तिने ते काकूंना वाचून दाखवूनही झालं होतं. आमच्या घरात मीराला आजही लाडाने 'पतीत सर' म्हणतात, अर्थातच शाळेत जायला लागली की बंद करावं लागेल.

आता या चार ओळींत काय-काय आहे ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वेळ लागला. 'वू' हा 'तुम्ही'. फ्रेंचमध्ये एकेकाला तू म्हणायचं की तुम्ही, ही कायमची कटकट. अँत्वानच्या साहेबाला तुम्ही, त्याच्या मित्राला तू. पण अनेकांना एकत्र लिहिलं की 'वू' हे नुसतं अनेकवचन होतं, कुणीच रागावत नाही. म्हणून असा मेसेज गटाला धाडणं सोपं. एकेकट्याला पाठवायचा झाला तर तोच मजकूर दोन ठिकाणी बदलावा लागतो. शेवटचं 'नू वूझाँब्रासाँ' म्हणजे आम्ही तुम्हाला मिठी मारतो, मुके घेतो. हे घरच्यांना आणि दोस्तांना. अँत्वानने साहेबाला आणि सुट्टीच्या अर्जाबरोबर कचेरीत पाठवला तेव्हा तिथे 'ब्याँ कोर्द्यालमाँ', सस्नेह, असं घातलं आणि 'पापा छोट्या ढगावर' हे वाक्य काढलं. ढगावरच्या माणसाला बाळंतपणाची रजा मिळते, पण तो साहेबाला तसं लिहीत नाही.

'स्यूर अँ पती न्युआझ', छोट्याशा ढगावर, हा त्यांचा आनंदाने तरंगण्याचा वाक्प्रचार. आणि 'प्वाँते ल बू द साँ ने' म्हणजे नाकाचा शेंडा बाहेर काढला. बिळातून उंदीर नाक काढतो तसं. बाळाच्या जन्मासाठी हे इतकं रुळलेलं आहे की कुणाला त्यात नाक दिसतही नाही, पण मला दिसलं, कारण मीराचं नाक खरंच पहिलं लक्षात आलं होतं, अँत्वानचंच. म्हणून तेच ठेवलं. 'देझा बोकू द शव्ह', आत्ताच किती केस, हे मार्तीनबाईंनी माझ्याकडून फोनवर विचारून घातलं. वजन-लांबीनंतर बाळाची म्हणून एक गोष्ट असावी, एकच, असं त्यांचं मत. दोन घातल्या की फुशारकी वाटते.

उत्तरंही तशीच ठरलेली. तरुण मंडळींचं 'फेलिसितास्याँ!' आणि 'ब्यँव्न्यू आ मीरा', मीराचं स्वागत. कुणी 'बू द शू' म्हटलं, कोबीचा तुकडा, म्हणजे आपलं पिल्लू-सोनुलं. तिकडे मुलांना सांगतात की मुलगे कोबीत उगवतात आणि मुली गुलाबात, पण लाडाचा कोबी मुलींनाही लावतात. वयस्कर लोकांचं 'फेलिसितास्याँ ओझ अरो पाराँ', आनंदी आईबापांचं अभिनंदन. आणि दोघा-तिघांनी लिहिलं, 'लाँग व्ही आ मीरा', मीराला दीर्घायुष्य. ते मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आशीर्वाद देतात की! तू म्हणत होतीस देत नाहीत."

बुधवारी अँत्वान मेरीत जाऊन नोंद करून आला. दाखल्यावर मीरा होती, बारा तारीख होती, २२ वाजून ४० होते. तेवीस तारखेला व्हिडिओवर बारसं झालं. नाव सगळ्यांना माहीत असलेलं बारसं. पण नाव कानात सांगायला आत्या लागते, आणि आत्या म्हणजे सोफी, तीच रिबिनीच्या कार्डातली तीन वर्षांची. तिला आईने फोनवरून 'कुर्रर्र' शिकवलं. फ्रेंच माणसाचा र घशातून येतो, त्यामुळे ते कबुतरासारखं ऐकू आलं, पण मीराने डोळे उघडले. आत्याचं काम झालं.

राहिलं छापील कार्ड, त्याला 'फेर-पार' म्हणतात. 'फेर पार' म्हणजे कळवणं, त्याचंच नाव झालं. साठ छापायची ठरली. यादी मार्तीनबाईंनी केली, पहिलं नाव ताँत ओदेत. मजकूर मेसेजसारखा खेळकर ठेवायचा नाही, असंही त्यांनी ठरवलं. केस, ढग, नाक हे फोनवर, कार्ड लोक पुस्तकात घालून जपून ठेवतात. वजनही नको. आई हे ऐकून फार खूश झाली. वाक्य असं ठरलं: 'नील आ ला ग्राँद झ्वा द वू फेर पार द ला नेसाँस द सा पतीत सर मीरा, ने ल १२ फेव्रिये २०२४ आ ल्यों.' नीलला कळवायला मोठा आनंद होतो की त्याची धाकटी बहीण मीरा १२ फेब्रुवारी २०२४ रोजी ल्योंमध्ये जन्मली. खाली आमची नावं आणि पत्ता, बारीक अक्षरात.

आम्ही ऑनलाइन एक तयार नमुना निवडला, मलईच्या रंगाचा, कडेला बारीक वेल. नमुन्यावर कुठल्यातरी मुलाचं नाव होतं. ते पुसून आम्ही आमचा मजकूर भरला, छापण्याआधीची प्रत मेलवर आली, दोघांनी दोनदा वाचली. मीराचं स्पेलिंग, तारीख, 'फेव्रिये'वरचा आघात, पत्त्याचा पिनकोड. सगळं बरोबर. मार्च संपता संपता खोका आला. मार्तीनबाई पुन्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी वरचं कार्ड उचललं, चष्मा न लावताच लांब धरून वाचलं, आणि म्हणाल्या, "आयाय."

फ्रेंचमध्ये 'जन्मला' आणि 'जन्मली' दोन्हीचा उच्चार 'ने'. लिहिताना मात्र मुलीसाठी शेवटी आणखी एक ई लागतो, मुका, न उच्चारायचा. नमुन्यातला 'ने' मुलाचा होता आणि आम्ही तो तसाच राहू दिला होता. आम्ही दोघांनी ती प्रत एकमेकांना मोठ्याने वाचून तपासली होती, हीच चूक. कानाने तपासायची गोष्टच नव्हती ती. अँत्वान तर जन्माने फ्रेंच, आणि तोच जास्त खजील. साठ कार्डांवर मीरा जन्मला.

परत छापायची तर पैसे पुन्हा आणि दहा दिवस. तोवर मीरा दोन महिन्यांची होणार. मार्तीनबाईंनी एका कागदावर आधी पेन्सिलीने करून बघितलं. 'ने' आणि पुढच्या 'ल' यांच्यामध्ये जेमतेम एका अक्षराएवढी जागा होती, टाइप तिरका आणि राखाडी. पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी सर्वांत बारीक टोकाचं राखाडी पेन आणलं, ०.०५ मिलिमीटरचं, वास्तुविशारद वापरतात ते. मग जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली बसून त्या एकेक कार्डावर एकेक ई भरू लागल्या. मी दूध पाजत समोर बसले होते. आधी श्वास रोखायचा, पेन डावीकडून वर न्यायचं, छोटा फास, आणि शेपूट 'ल'ला लागायच्या आत थांबायचं. चार कार्डांवर शाई पसरली, ती बाजूला काढली. छप्पन्न बरी निघाली. लांबून कळत नव्हतं. नाकाशी धरलं तर ई किंचित ताठ होता, बाकीच्या अक्षरांसारखा कलता नव्हता.

तिकिटं हिरव्या पत्राची, 'लेत्र व्हेर्त', तेव्हा १ युरो २९ सेंटची. ताँत ओदेतच्या पाकिटावर पत्ता मार्तीनबाईंनी हाताने लिहिला आणि मला सांगितलं, मागे चार शब्द तू लिही, तुझ्या अक्षरात. मी लिहिलं की नाव कळायला उशीर झाला याबद्दल माफ करा, उन्हाळ्यात मीराला घेऊन येतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. जाड पांढरं कार्ड, निळी शाई, फळ्यावर लिहावं तसं गोल वळणदार अक्षर. आनंदी आईबापांचं अभिनंदन, थोरल्या भावाचंही अभिनंदन, मीराला दीर्घायुष्य, उन्हाळ्यात वाट पाहते. खाली सही. सहीच्या खाली एक ताजा कलम: "मीराच्या 'ने'चा शेवटचा ई हाताने घातला आहे. नीट घातला आहे. कोणी?"

मी ते मार्तीनबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दुसरीत ती आम्हाला होती. माझा ई कायम ताठ यायचा."